गोचीड चिमट्यानं काढताना चिमटा नेमका कुठं धरायचा? (मुंडकं आत राहिलंय वाटतंय)

टिळकवाडीचा_पक्या | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, जरा घाईत लिहूलालोय, चुकभूल माफ. काल सासुरवाडीला गेलो होतो, कणकुंबीच्या अलीकडं, काजूचा सिझन आहे म्हणून सगळी पोरंटोरं दिवसभर बागेत पाचोळ्यात लोळत होती. आज संध्याकाळी पोरीचं डोकं धुताना बायकोला तिच्या कानामागं काळा ठिपका दिसला. मी म्हटलं तीळ असेल, जाऊ दे. मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं तर तिळाला पाय!

सासूबाई फोनवर म्हणाल्या रॉकेल लावा. रॉकेल आता कुठनं आणू? मग खोबरेल तेल ओतलं, अर्धा तास वाट बघितली, गोचीड आपली मजेत. शेवटी मी नखांत धरून ओढली तर पोट तेवढं हातात आलं आणि कातडीत बारीक काळं टोक दिसूलालंय. पोरगी ९ वर्षांची, रडून झोपली आता. ते टोक सुईनं उकरून काढू काय? आणि चिमट्यानं काढायची बरोबर पद्धत काय, सरळ वर ओढायची, तिरकी ओढायची का पिळायची? नेटवर प्रत्येकजण वेगळंच सांगतोय.

कुंदा_एक्सपर्ट | रात्री १०:५२

मीठ टाका हो, लगेच सुटते. आंबोलीच्या ट्रेकला माझ्या पायाला सात चिकटल्या होत्या, मिठाची पुरचुंडी कायम खिशात ठेवायची.

टिळकवाडीचा_पक्या | रात्री १०:५५

काका, ती जळू.

कुंदा_एक्सपर्ट | रात्री १०:५७

अरे हो की. चष्मा लावून वाचतो आता. रुमाल टाकून ठेवतो.

गुरांचा_डॉक्टर | रात्री ११:१०

पक्या, पहिलं काम, सुई खाली ठेव. मी जनावरांचा डॉक्टर आहे, माणसांचा नाही, पण खानापूर तालुक्यात नोकरी करून स्वतःच्या अंगावरनं इतक्या गोचिडी काढल्यात की मोजणं सोडून दिलं.

आत राहिलंय ते बहुतेक मुंडकं नाही, तोंडाचा पुढचा दांडा आहे. त्याच्यावर करवतीसारखे मागं वळलेले काटे असतात, म्हणून आत सहज जातो आणि बाहेर येताना अडकतो. वर काही जाती सिमेंटसारखी लाळ सोडून स्वतःला चिकटवून घेतात. एकदा पोट तुटलं की त्या दांड्यात जीव नाही, तो आतल्या आत चावत बसत नाही. साबण-पाण्यानं जागा धू, चांगल्या उजेडात बघ, टोक वर आलेलं असेल आणि चिमट्याच्या एका धरणीत निघालं तर काढ. नाही निघालं तर सोडून दे. बारीक काटा जसा कातडी आपोआप बाहेर ढकलते तसं तेही खपलीबरोबर जाईल. सुईनं उकरलंस तर जखम मोठी होईल, पोरगी परत रडेल, आणि पिकलं तर ते तुझ्या सुईमुळं पिकेल.

तेलाचं म्हणशील तर गोचीड आपल्यासारखा श्वास घेत नाही. निवांत बसलेली असेल तर तासाला मोजकेच श्वास. तेलानं ती गुदमरायला कितीतरी तास लागतील आणि तेवढा वेळ ती लाळ सोडत बसणार. रॉकेल, नेलपॉलिश, उदबत्तीचा चटका, सगळ्याचं तेच. चटक्यानं वर पोरीची कातडी भाजते ती वेगळीच.

अण्णा_वडगाव | रात्री ११:२४

डॉक्टरसाहेब बरोबर पण एक राहिलं. गोचीड कधी सरळ ओढायची नाही, उलटी फिरवायची, स्क्रू काढल्यासारखी. आमचे आजोबा म्हशीच्या कासेवरनं अशाच काढायचे, कधी मुंडकं राहिलं नाही.

गुरांचा_डॉक्टर | रात्री ११:३३

अण्णा, स्क्रूला आटे असतात, गोचिडीच्या तोंडाला काटे असतात. आटे फिरवून सुटतात, काटे नाही. फिरवून काढायचं म्हणून एक प्लास्टिकचं हुक मिळतं, छोट्या पहारीसारखी फट असलेलं, त्यानं खरंच फिरवतात आणि गोचीड निघतेही, कारण ते तिला दाबत नाही, नुसतं खालनं उचलतं. चिमट्यानं पकड दाबूनच असते, तसंच पिळलं की मान तुटते. आणि आजोबांनी म्हशीच्या कासेत काय राहिलं ते भिंग लावून बघितलं होतं काय?

अण्णा_वडगाव | रात्री ११:३५

म्हैस सांगत होती काय 😄 मान्य, अर्धं मान्य.

सीमेवरचा_गडी | रात्री ११:४१

दोडामार्गची गोचीड कणकुंबीत, कणकुंबीची सत्तरीत. सीमाप्रश्न सुटलेला एकच प्राणी.

परदेशी_पाखरू | रविवार, पहाटे ५:२०

मूळची मी बेळगावचीच, आता पेनसिल्व्हेनियात. आमच्याकडे घरोघरी गोचिडी काढतात. इथे गोचीड ३६ तासांपेक्षा जास्त चिकटलेली असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टर डॉक्सीसायक्लिनचा एक डोस देतात, लाइम आजार होऊ नये म्हणून. पक्या, तुम्ही मुलीला आजच द्या, मेडिकलमध्ये मिळेल.

सिस्टर_शहापूर | सकाळी ७:०५

ताई, कृपया असं सांगू नका. तो नियम तिकडच्या हरणाच्या गोचिडीचा आणि तिकडच्या आजाराचा. तिथंसुद्धा डॉक्टर बघून ठरवतात, मेडिकलवाला नाही. आपल्या खानापूर, चोर्ला, दोडामार्ग पट्ट्यात काळजी असते ती माकडतापाची. तो विषाणूचा आजार, त्याच्यावर डॉक्सी चालत नाही. गोचिडीमुळं दुसरेही ताप येतात ज्यात डॉक्सीच लागते, पण ते ताप आल्यावर डॉक्टरांनी ठरवायचं. लहान मुलीला अँटिबायोटिक असं अंदाजे देऊ नका.

परदेशी_पाखरू | सकाळी ७:४०

बरोबर, घाई झाली. शब्द मागे घेते. इकडे सवयच तशी लागली.

काजूवाला_जांबोटी | सकाळी ८:१५

माकडताप म्हणजे मंगनकायिले ना? शिमोग्याकडं हाय म्हणून ऐकूलालो होतो, आमच्याकडं पण?

सिस्टर_शहापूर | सकाळी ८:५०

तोच. शिवमोग्ग्याजवळ सोरब तालुक्यात क्यासनूरचं जंगल आहे, तिथं १९५७ साली माकडं मरायला लागली आणि मग माणसांना ताप आला, म्हणून कागदोपत्री क्यासनूर. पण पुढं सह्याद्रीच्या कडेनं वर सरकला. गोव्यात सत्तरीला २०१५ साली, सिंधुदुर्गात दोडामार्गला २०१६ साली रुग्ण सापडले. म्हणजे आपल्या घाटाच्या खालच्या अंगाला. म्हणून जंगलाकडं जाऊन आल्यावर अंग बघावं, आणि जंगलात माकड मेलेलं दिसलं तर हात लावू नये, आरोग्य केंद्रात नाहीतर फॉरेस्टवाल्यांना कळवावं. पण प्रत्येक गोचिडीत विषाणू असतो असं नाही, बहुतेक चावे नुसते खाजून बरे होतात.

टिळकवाडीचा_पक्या | रविवार, दुपारी १:३०

मंडळी नाट्य वाढलं. पोरीचं टोक तसंच ठेवलंय, साबणानं धुतलं, ती खेळूलालीय. पण आता अंघोळ करताना माझ्याच कमरेला, पँटचा पट्टा बसतो तिथं, एक सापडली. ही आणखी बारीक, तिळाहून लहान. घरात फक्त बायकोचा भुवयांचा चिमटा, त्याची टोकं तिरकी आणि चपटी. चालेल काय? डॉक्टर कोनाचं सांगा ना, मी तशीच चिकटवून बसलोय.

घड्याळजी_काकती | दुपारी १:४४

भुवयांचा चपटा चिमटा नको, त्यात तिचं पोट येणार. कुठल्याही घड्याळवाल्याकडं किंवा मोबाईल रिपेअरवाल्याकडं बारीक टोकाचा मिळतो. माझ्या पेटीत ३ नंबर, ५ नंबर आणि ७ नंबर असतात. ५ नंबर फार सुईसारखा, त्यानं नाजूक गोचीड कापली जाईल नाहीतर तुझी कातडी टोचेल. ३ नंबर बेष्ट, नाहीतर ७ नंबर, तो पुढं वाकलेला असतो म्हणून हात कातडीला न टेकता टोक खाली पोचतं.

कुठला का असेना, आधी टेस्ट घे. स्वतःच्या मनगटावरचा एकच केस चिमट्यात धरून हळू ओढ. केस निसटला तर टोकं जुळत नाहीत, तो चिमटा टाकून दे. केस धरून राहिला तर गोचीड धरेल.

गुरांचा_डॉक्टर | दुपारी १:५८

ही केसाची टेस्ट मी आजपासून चोरली. पक्या, शेजारीपाजारी बघ बारीक चिमटा मिळतोय काय, पण त्यासाठी उद्यापर्यंत थांबू नको.

कोनाचं सांगतो. दोन वेगळे कोन आहेत आणि लोक त्यातच गोंधळ घालतात. एक चिमटा आत कसा घालायचा त्याचा, दुसरा ओढायचा. चिमटा घालताना तो गोचिडीच्या वरनं उभा खाली आणू नको, वरनं आणलास की आधी पोटच सापडतं. बाजूनं आण, कातडीला जवळजवळ आडवा, टोकं कातडीला घासत जातील इतका खाली, आणि जिथं ती कातडीत शिरलीय तिथं दोन्ही बाजूंनी धर. थोडी तुझी कातडी चिमट्यात आली असं वाटलं तरी चालेल, पोट आलं असं वाटायला नको. पोट दाबलं की तिच्या आतलं पाणी उलटं जखमेत जायची भीती.

मग ओढायचं ते सरळ वर, कातडीशी काटकोनात. झटका नाही. कातडी छोट्या तंबूसारखी वर येईल, तिथंच ताण धरून थांब. वाढवू नको, सोडू नको. मनात वीस-तीस आकडे मोज. बहुतेक वेळा ती स्वतःच सुटते आणि एक बारीक टिच् असं हाताला कळतं.

रानातला_वॉचर | दुपारी २:२०

डॉक्टरांशी थोडं भांडतो. मी बरीच वर्षं जंगलात फिरतो. गोचीड सरळ उभी घुसत नाही, तिरकी घुसते, पोट एका बाजूला कललेलं दिसतं. मग ती ज्या तिरकीनं गेली त्याच तिरकीनं मागं ओढावी. काटकोनात ओढलं की दांड्यावर आडवा जोर येतो. मी तशाच काढतो, पाचदहात एखादी तुटते.

गुरांचा_डॉक्टर | दुपारी २:३१

तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही, पोट कललेलं असतं खरं. पण कातडी तंबूसारखी वर आली की तो तिरकेपणा बराचसा आपोआप सरळ होतो, म्हणून वर ओढलं तरी दांडा वाकत नाही. तिरकी ओढताना लोकांचा हात कातडीवर घसरतो आणि नकळत आडवं ओढलं जातं. तुमचा हात बसलाय, पक्याचा नाही.

रानातला_वॉचर | दुपारी २:३८

मी माझ्या पद्धतीवर ठाम. पण जवळ धरायचं यात दुमत नाही, पोट धरून कुठल्याही कोनात ओढली तरी तुटणार.

टिळकवाडीचा_पक्या | दुपारी ३:१५

झालं!! खालच्या मजल्यावर मोबाईल रिपेअरवाला राहतो, त्याच्याकडनं वाकड्या टोकाचा आणला. साबणानं धुतला, स्पिरिट लावलं, केसाची टेस्ट पास. बायकोनं टॉर्च धरला, मी आरशात बघून करणार होतो पण उलटं दिसतं म्हणून तीच बसली आणि मी टॉर्च धरला. पहिल्यांदा चिमटा लावला तर पोटाला लागला, पाय हलवूलाली होती ती, अंगावर काटा आला. सोडलं. मग तिनं चिमटा आडवा करून कातडीवर टेकवत पुढं सरकवला आणि धरला. ओढल्यावर खरंच कातडी वर आली, तांदळाच्या दाण्याएवढा तंबू. मी मोठ्यानं मोजूलालो, सतरावर टिच् झालं. अख्खी आली, आठ पाय, पुढं बारीक टोक, चिमट्यात वळवळूलाली. आता हिचं करू काय? नखानं फोडू काय?

सिस्टर_शहापूर | दुपारी ३:२२

नखानं अजिबात फोडू नका! त्यातलं रक्त हाताला लागायला नको. पारदर्शक सेलोटेपमध्ये दोन्ही बाजूंनी चिकटवून टाका नाहीतर छोट्या बाटलीत स्पिरिट घालून त्यात टाका. बाटलीवर तारीख आणि कुठं चावली ते लिहा. आजारी पडलात तर डॉक्टरांना दाखवता येईल, नाही पडलात तर महिन्यानं फेकून द्या.

मग हात धुवा, चिमटा धुवा, चाव्याची जागा साबण-पाण्यानं धुवून पोव्हिडोन आयोडीन लावा. पट्टी नको. दोनतीन दिवस डासाच्या चाव्याएवढी लाल गाठ आणि खाज राहील, ते साहजिक आहे. खाजवू नका. लाली दिवसेंदिवस पसरत गेली, पू झाला, किंवा मधोमध काळी खपली धरून भोवती लाल झालं तर दाखवा.

मुख्य म्हणजे कॅलेंडरवर खूण करा, तुमची आणि मुलीचीही. माकडतापाचा ताप साधारण ३ ते ८ दिवसांत येतो, दुसरे काही ताप त्यानंतरही येऊ शकतात, म्हणून मी तीन आठवडे लक्ष ठेवायला सांगते. अचानक जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं, हिरड्यातनं किंवा नाकातनं रक्त, यातलं काही झालं की त्याच दिवशी डॉक्टरकडं जा आणि पहिलं वाक्य हेच सांगा की जंगलाकडं गेलो होतो, गोचीड चावली. ताप असला तर पॅरासिटामॉल, पण ब्रुफेन किंवा अॅस्पिरिन नको, रक्तस्रावाची शक्यता असलेल्या तापात त्या त्रास देतात.

हे वाक्य आधी सांगा म्हणते कारण आमच्या भाच्याला एका खासगी दवाखान्यात दोन दिवस व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या. गोचीड चावल्याचं कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सरकारी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तपासणीला रक्त पाठवलं. त्याचा साधा तापच निघाला, पण ते दोन दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

काजूवाला_जांबोटी | दुपारी ४:०५

आमच्या बागेत काजू वेचणाऱ्या बायका रोज दोनचार काढतात, कुणाला ताप नाही. उगाच घाबरवूलालाय.

रानातला_वॉचर | दुपारी ४:२०

घाबरवत नाही रे. आम्हाला जंगलात जायच्या आधी डेपा तेल देतात हातापायाला लावायला, तेवढंच. पावसाळा सरला की पाचोळ्यातनं बारीक पिल्लं वर येतात आणि मे पर्यंत असतात, ती दिसतच नाहीत, तीच जास्त त्रासाची. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि अंग बघायचं ते कानामागं, काखेत, गुडघ्यामागं, कमरेच्या पट्ट्याखाली, केसांच्या मुळात. पक्याची बरोबर पट्ट्याखालीच सापडली की.

कुंदा_एक्सपर्ट | संध्याकाळी ६:३०

सगळं वाचलं चष्मा लावून. आता विचारतो, कुत्र्याच्या कानातली गोचीड पण अशीच काढायची काय? आमचा टायगर चिमटा बघितला की पलंगाखाली.

गुरांचा_डॉक्टर | संध्याकाळी ६:४५

पद्धत तीच, फक्त टायगरला धरणारा माणूस वेगळा लागतो. आणि कुत्र्याची काढताना हातमोजे घाला. कुत्र्यावरची पोट टम्म फुगलेली असते, बोटांत लगेच फुटते.

टिळकवाडीचा_पक्या | १२ दिवसांनी, गुरुवार, रात्री ९:१०

अपडेट देतो, दोनतीन जणांनी विचारलं होतं. पोरीच्या कानामागचं काळं टोक पाचव्या दिवशी खपलीबरोबर गेलं, मी काहीच केलं नाही. तिला ताप नाही, मला ताप नाही, कॅलेंडरवर अजून नऊ दिवस बाकी आहेत. माझ्या कमरेला मात्र हरभऱ्याएवढी टणक गाठ राहिलीय, दुखत नाही पण खाजते. पोरीची तुटली तिचं काही नाही आणि माझी अख्खी आली तर गाठ, हे कसं काय?

सिस्टर_शहापूर | रात्री ९:२५

अख्खी आली तरी तिची लाळ आत असतेच, त्याची गाठ कधीकधी काही आठवडे टिकते. पट्टा घासत असेल तर आणखी. वाढली, दुखायला लागली किंवा पू दिसला तर दाखवा.

रानातला_वॉचर | रात्री ९:४०

तिरकी ओढली असती तर गाठ आली नसती 😄

गुरांचा_डॉक्टर | रात्री ९:४२

परत सुरू झाला.

घड्याळजी_काकती | रात्री ९:५५

पक्या, तो वाकडा चिमटा मोबाईलवाल्याला परत दिलास काय?

टिळकवाडीचा_पक्या | रात्री ९:५८

दिला की, स्पिरिटनं पुसून. कशासाठी नेला होता ते विचारलं नाही त्यानं, आणि मी पण सांगितलं नाही.